दोन भाषांत ये-जा करताना मेंदूला किती भुर्दंड पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं घरी मराठी, दुकानात हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी बोलतात. त्यामुळे समोरच्याला पडणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यातला भाषा बदलण्याच्या किमतीचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे. बाकीचे प्रश्न लागतील तेवढेच.

### मेंदूत मराठीचा एक कप्पा आणि इंग्रजीचा दुसरा, असं असतं का?

नाही. दोन्ही भाषा मेंदूच्या साधारण त्याच भागांवर चालतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे भाग डाव्या अर्ध्या मेंदूत असतात. १९९७ साली एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांच्या ब्रोका भागात, म्हणजे बोलणं घडवणाऱ्या भागात, दोन भाषांच्या जागा जराशा वेगळ्या पडतात, आणि लहानपणापासून दोन्ही बोलणाऱ्यांच्या त्याच जागी येतात. पण तिथेही अंतर मिलिमीटरांचं. भिंत घालून वेगळी केलेली खोली कुणालाच सापडलेली नाही.

म्हणजे दोन भाषा वेगळ्या राहतात त्या जागेमुळे नव्हे. कुणीतरी त्यांना सतत वेगळं ठेवत असतं, आणि ते काम फुकट होत नाही.

### मी मराठी बोलत असताना इंग्रजी बंद असते ना?

बंद नसते. हे पटायला जरा वेळ लागतो, कारण आपल्याला तसं जाणवत नाही.

१९९९ मध्ये मायकेल स्पायव्ही आणि व्हिओरिका मारियन यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना टेबलासमोर बसवलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते कॅमेऱ्याने टिपलं. टेबलावर काही वस्तू होत्या, त्यात एक टपाल तिकीट आणि एक मार्कर पेन. सूचना पूर्णपणे रशियनमध्ये: तिकीट उचलून अमुक ठिकाणी ठेवा. तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात. सूचनेतला ‘मार्’ कानावर पडताच लोकांची नजर क्षणभर मार्कर पेनाकडे जाऊन यायची. खोलीत इंग्रजीचा एक शब्दही उच्चारलेला नव्हता, तरी इंग्रजी मार्कर जागा झाला होता.

२००७ चा गिलॉम थिएरी आणि यान जिंग वू यांचा प्रयोग त्याहून बेरकी आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून विचारलं, यांच्या अर्थांत काही नातं आहे का? काही जोड्या अशा निवडल्या होत्या की त्यांचे चिनी प्रतिशब्द एकाच अक्षराने सुरू होतात. उदाहरणार्थ आगगाडी ‘हुओ-चे’ आणि हॅम ‘हुओ-तुइ’. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत काहीच फरक दिसला नाही. पण डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूच्या लहरी बदललेल्या दिसल्या. इंग्रजी वाचताना आत चिनी चालू होतं, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

### मग तोंडातून चुकीची भाषा का बाहेर पडत नाही?

यावर सगळ्यात जास्त चर्चिलेलं उत्तर डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये मांडलं. ते थोडक्यात असं: बोलायचं इंग्रजीत असेल तर मेंदू इंग्रजीला पुढे काढतोच, शिवाय त्या वेळेपुरतं मराठीला मागे दाबून धरतो. आणि दाब भाषेच्या जोराप्रमाणे असतो. जी भाषा जास्त पक्की तिचे शब्द आधी उसळून वर येतात, म्हणून तिला जास्त दाबावं लागतं. कच्ची भाषा फारशी मध्ये येतच नाही, तिला हलकं दाबलं तरी भागतं.

हे नुसतं ऐकायला बरं वाटतं म्हणून टिकलेलं नाही. यातून एक उलटंपालटं भाकीत निघतं आणि ते मोजता येतं.

### भाषा बदलण्याची किंमत मोजतात कशी?

रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये छापलेला प्रयोग आजही नमुना म्हणून शिकवतात. पडद्यावर १ ते ९ मधला एक अंक येतो. मागच्या चौकोनाचा रंग सांगतो की अंक कुठल्या भाषेत म्हणायचा. एक रंग इंग्रजीचा, दुसरा त्या माणसाच्या दुसऱ्या युरोपीय भाषेचा. पुढच्या अंकाला रंग कोणता येणार ते आधी कळत नाही. अंक दिसल्यापासून आवाज निघेपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजायचा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

मग वेळा दोन ढिगांत वाटायच्या. आधीचा अंक ज्या भाषेत म्हटला त्याच भाषेत पुढचाही आला, तर तो एक ढीग. भाषा बदलावी लागली, तर दुसरा. दोन ढिगांच्या सरासरीतला फरक म्हणजे बदलाचा भुर्दंड.

कच्च्या भाषेकडे वळताना हा भुर्दंड साधारण ८५ मिलिसेकंदांचा निघाला. पक्क्या भाषेकडे परत येताना मात्र साधारण १४० चा. भाषा बदललेल्या अंकांवर तर लोक आपल्या पक्क्या भाषेत कच्च्या भाषेपेक्षा हळू पडले. आपल्याच घरात शिरायला परक्या घरात शिरण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

### हे उलटं का? आपल्या भाषेत परतणं सोपं असायला हवं.

ग्रीन यांचा दाब आठवा. कच्ची भाषा बोलताना तुम्ही पक्कीला जोर लावून दाबलं होतं. आता पुढच्याच अंकाला तीच हवी आहे, पण दाब एका क्षणात उतरत नाही. तो उतरेपर्यंतचा वेळ घड्याळात दिसतो. उलट दिशेने जाताना मुळात दाबच हलका होता, म्हणून सोडवायला कमी वेळ.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही संशोधक म्हणतात की यात दाबण्याचा काही संबंध नाही. कच्ची भाषा बोलायला तिला जास्त रेटा द्यावा लागतो, तो रेटा पुढच्या अंकापर्यंत टिकतो आणि पक्कीच्या आड येतो. आकडे दोन्ही स्पष्टीकरणांत सारखेच बसतात. त्यामुळे एकट्या या प्रयोगावरून निकाल लागत नाही.

मला दाबण्याचं स्पष्टीकरण जास्त पटतं, त्याचं कारण २०१८ चा एक प्रयोग. एस्ती ब्लँको-एलोरिएता, कॅरन एमोरी आणि लीना पिल्केनेन यांनी इंग्रजी आणि अमेरिकन खुणांची भाषा येणाऱ्यांना बोलावलं. या लोकांची एक भाषा तोंडाने चालते, दुसरी हातांनी, म्हणून दोन्ही एकाच वेळी बोलता येतात. आपल्याला मराठी आणि इंग्रजी शब्द एकाच वेळी उच्चारता येत नाहीत, म्हणून एक भाषा बंद करणं आणि दुसरी सुरू करणं आपल्यात नेहमी एकत्रच घडतं. इथे ती दोन कामं सुटी करून पाहता आली. दोन्हीवरून एकीवर येताना, म्हणजे एक भाषा बंद करताना, मेंदूच्या ताबा ठेवणाऱ्या भागांना कष्ट पडले. एकीत दुसरी मिळवताना तसे दिसले नाहीत.

### दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असतील तर?

मग दोन्हीकडचा भुर्दंड सारखा होतो. आल्बर्ट कोस्टा आणि मिकेल सांतेस्तेबान यांनी २००४ मध्ये बार्सिलोनाच्या स्पॅनिश-कातालान लोकांवर हे दाखवलं. ही माणसं लहानपणापासून दोन्ही भाषांत वाढलेली. त्यांच्यात दोन्ही दिशांचा भुर्दंड जवळजवळ सारखा आला. त्यांना खूप कच्ची असलेली तिसरी भाषा, इंग्रजी, मध्ये आणली तरी फरक पडला नाही. स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्या कोरियन लोकांत मात्र दोन दिशांच्या भुर्दंडातला तिरकेपणा तसाच राहिला. तेव्हा भुर्दंडाचं गणित दोन भाषांच्या पक्केपणातल्या अंतरावर नुसतं ठरत नाही. जन्मभर दोन भाषा वापरणारा माणूस ताबा ठेवण्याची वेगळीच रीत शिकतो, असं या संशोधकांचं म्हणणं.

एक सावधगिरी. २०२१ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा हा तिरकेपणा पाठ्यपुस्तकांत सांगतात तितका भरवशाचा निघाला नाही. कुठे दिसतो, कुठे नाही. भाषा बदलायला वेळ लागतो हे पक्कं. पक्क्या भाषेकडे येताना नेहमीच जास्त लागतो, असं कुणी सांगितलं तर थोडं थांबा.

### हे घरी करून बघता येईल का?

येतं, आणि जरूर करून बघा. लागतील चाळीस कोरी कार्डं, एक लाल आणि एक निळं स्केचपेन, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, आणि कार्डं उलटायला दुसरं कुणीतरी. वीस कार्डांवर लाल शाईने, वीसवर निळ्या शाईने १ ते ९ मधले अंक लिहा. सगळे अंक एकाच लिपीत लिहा, मोबाईलच्या कीपॅडवर असतात तसे. लाल अंक देवनागरीत आणि निळे इंग्रजीत लिहिलेत तर लिपीच भाषा सांगून टाकेल आणि रंगाला काम उरणार नाही. दहाच्या पुढे जाऊ नका. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, इंग्रजीत वीस आधी. ती वेगळीच अडचण मध्ये येईल.

चार फेऱ्या करायच्या. पहिलीत रंग विसरून चाळीसही अंक मराठीत. दुसरीत चाळीसही इंग्रजीत. तिसरीसाठी कार्डं अशी लावा की चार लाल, चार निळी, चार लाल. लाल मराठीत, निळं इंग्रजीत. यात भाषा नऊ वेळा बदलते. चौथीसाठी एक लाल, एक निळं, एक लाल. यात एकोणचाळीस वेळा बदलते. मधे मधे त्या त्या रंगाची कार्डं पिसून घ्या, आणि तोच अंक लागोपाठ येणार नाही हे बघा. कार्डं एकेक करूनच उलटा. कागदावर ओळीने लिहिलेत तर डोळा पुढचा अंक आधीच पाहून ठेवतो आणि भुर्दंड गिळून टाकतो.

समजा, वेळा अशा आल्या: पहिली फेरी ३० सेकंद, दुसरी ३२, तिसरी ३६, चौथी ३९. तिसरी आणि चौथी या दोन्हींत भाषा मिसळलेल्या आहेत, फरक फक्त किती वेळा बदलल्या याचा. चौथीत ३० बदल जास्त आणि ३ सेकंद जास्त. म्हणजे एका बदलाला सेकंदाचा दहावा भाग, १०० मिलिसेकंद. हा तुमचा बदलाचा भुर्दंड.

आता तिसरी फेरी पुन्हा बघा. पहिल्या दोन फेऱ्यांची सरासरी ३१, तिसरी त्याहून ५ सेकंद जास्त. त्यातले नऊ बदलांचे झाले ०.९ सेकंद. उरलेले ४.१ सेकंद कुठे गेले? चाळीस कार्डांवर वाटले तर कार्डामागे पुन्हा साधारण १०० मिलिसेकंद येतात, आणि हे भाषा न बदललेल्या कार्डांवरही पडले आहेत. दोन भाषा हाताशी तयार ठेवण्याचाच हा खर्च. शास्त्रात हा बदलाच्या भुर्दंडापासून वेगळा मोजतात. माझ्या मते रोजच्या जगण्यात थकवतो तो हाच.

काही ठिकाणी गफलत होते. सरावाने वेग वाढतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीपासून उलट्या क्रमाने करा आणि दोन्ही दिवसांची सरासरी घ्या. चूक झाली तर सुधारत बसू नका, पुढे चला आणि चुका वेगळ्या मोजा. फेरी झपाट्याने झाली पण पाच-सहा अंक चुकीच्या भाषेत गेले, तर तो वेग खरा नाही. हिंदी घेऊन ही चाचणी करू नका. तीन, चार, सात, आठ मराठी-हिंदीत सारखेच, त्यामुळे भाषा बदलली की नाही तेच कळणार नाही.

कोणत्या दिशेला भुर्दंड जास्त ते बघायचं असेल तर तिसरी फेरी मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये उघडली की कार्ड पडल्याचा ठोका आणि आवाजाची सुरुवात दोन्ही दिसतात. अगदी पहिला गट सोडून चारच्या प्रत्येक गटातल्या पहिल्या कार्डाला बाकी तिघांपेक्षा किती जास्त वेळ लागला ते मराठी आणि इंग्रजीचं वेगवेगळं काढा. एका फेरीत प्रत्येक भाषेचे चार-पाचच बदल मिळतात, म्हणून बऱ्याच फेऱ्या लागतील. ‘सहा’ किंवा ‘फोर’सारख्या शब्दांची सुरुवात हवेच्या घर्षणाने होते, ती आलेखात जरा उशिरा दिसते. तेव्हा दोन्ही ढिगांत तेच अंक असू द्या.

आणि निकाल वाचण्याआधी पहिल्या दोन फेऱ्यांची तुलना करा. मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेकांची इंग्रजीची फेरी आधी संपते, कारण मोबाईल नंबर, बिल्डिंगचा मजला, बसचा नंबर हे सगळं ते इंग्रजीतच म्हणतात. मातृभाषा मराठी असली तरी अंकांपुरती त्यांची पक्की भाषा इंग्रजी. कोणती भाषा पक्की हे माणसागणिक ठरतं तसंच कामागणिकही ठरतं, हे या चाळीस कार्डांत चांगलं दिसतं.

### पण मुंबईत तर आम्ही एकाच वाक्यात तीन भाषा बोलतो. तेव्हा दर शब्दाला हा भुर्दंड पडतो का?

बहुधा नाही. “उद्याची अपॉइंटमेंट कन्फर्म कर, नाहीतर त्या क्लिनिकवाल्या बाई स्लॉट दुसऱ्याला देतील.” या वाक्यात व्याकरण पूर्ण मराठीचं आहे. अपॉइंटमेंट स्त्रीलिंगी होऊन बसली आहे, कन्फर्मच्या मागे ‘करणे’ लागलं आहे, क्लिनिकला ‘वाल्या’ जोडला आहे. इथे कुणी भाषा बदलतच नाही. जो शब्द आधी हाताला लागला तो वापरला, आणि ऐकणाऱ्यालाही तो येतो हे माहीत असल्याने कुठल्याच भाषेला दाबून ठेवायची गरज पडली नाही.

प्रयोगशाळेत आणि असल्या गप्पांत फरक आहे तो सक्तीचा. २०१७ मध्ये ब्लँको-एलोरिएता आणि पिल्केनेन यांनी अरबी-इंग्रजी बोलणाऱ्यांवर हे तपासलं. बाहेरून मिळालेल्या खुणेनुसार भाषा बदलावी लागली की मेंदूच्या पुढच्या भागातली ताबा ठेवणारी यंत्रणा कामाला लागायची. स्वतःच्या मर्जीने बदलताना ती तशी लागली नाही.

तेव्हा खरा भुर्दंड भरतो तो काउंटरवर बसलेला माणूस. समोर आलेल्या आजींशी फक्त मराठी, त्यांच्या मागच्याशी फक्त हिंदी, फोनवरच्या साहेबांशी फक्त इंग्रजी, आणि कुणाशी काय बोलायचं ते समोरचा ठरवणार. गणेशोत्सवात ‘एकही इंग्रजी शब्द न वापरता दोन मिनिटं बोला’ असा खेळ ठेवतात, तिथेही हेच दिसतं. एरवी धो धो बोलणारी माणसं तिथे अडखळतात. त्यांचं मराठी कच्चं असतं असं नाही. एरवी मोकळी सोडलेली इंग्रजी त्यांना एकाएकी दाबावी लागते, आणि दोन मिनिटं दाबूनच ठेवावी लागते.

### दिवसभर इंग्रजीत काम करून घरी आलं की साधे मराठी शब्द आठवत नाहीत. काही गंभीर आहे का?

नाही. मागच्या प्रश्नांतला दाबच इथे लांबलेला दिसतो. २००९ मध्ये जॅरेड लिंक, जुडिथ क्रोल आणि ग्रेचेन सन्डरमन यांनी स्पेनमध्ये काही महिने शिकायला गेलेले अमेरिकन विद्यार्थी तपासले. ठरलेल्या वेळात एका प्रकारचे जितके शब्द आठवतील तितके सांगा, अशी चाचणी. घरीच वर्गात स्पॅनिश शिकणाऱ्यांपेक्षा या मुलांना स्वतःच्या इंग्रजीत कमी शब्द आठवले. परत गेल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर इंग्रजी पूर्ववत होती.

काळजी कशाची करायची ते सांगते. शब्द दोन्ही भाषांत हरवत असतील, रोजच्या वस्तूंची नावं जात असतील, आणि सुट्टीनंतरही फरक पडत नसेल, तर तपासून घ्या. फक्त एका भाषेत, थकल्यावर, आणि थोड्या वेळाने आपोआप आठवणारे शब्द हा आजार नाही.

### चाळीस वर्षं हिंदी-इंग्रजीत नोकरी केली, तरी हिशेब मराठीतच का होतो?

कारण पाढे मराठीत पाठ केलेत. लालबागच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात उभं राहून ऐका. मालक पुटपुटतात, “सात नव्वे त्रेसष्ट,” आणि मान वर करून गिऱ्हाईकाला म्हणतात, “तिरसठ हुए.” गुणाकार एका भाषेत, उत्तर दुसऱ्या.

पाठ केलेली गणितं ज्या शब्दांत शिरली त्याच शब्दांत साठतात. १९९९ मध्ये स्तानिस्लास देहान, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन-इंग्रजी येणाऱ्यांना काही बेरजा एका भाषेत शिकवल्या आणि दोन्ही भाषांत विचारल्या. नेमकं उत्तर दुसऱ्या भाषेत द्यायला वेळ जास्त लागला. ‘साधारण किती?’ असं विचारलं तर मात्र भाषेने फरक पडला नाही. अंदाज शब्दांवाचून होतो, पाढा होत नाही.

### दोन भाषा येणाऱ्याचा मेंदू तल्लख होतो, हे खरं का?

लक्ष आवरण्याच्या चाचण्यांत द्विभाषिक पुढे असतात असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१३ नंतर केनेथ पाप आणि इतरांनी त्यावर जोरदार शंका घेतल्या आणि आता तो दावा डळमळीत आहे. मुलाला दुसरी भाषा शिकवायला हे कारण देऊ नका, इतर पुष्कळ आहेत.

स्मृतिभ्रंशाबद्दलचा पुरावा जरा वेगळा आहे, आणि त्यातला एक चांगला अभ्यास आपल्या जवळच, हैदराबादेत झाला. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांची नोंद छापली. एकाहून जास्त भाषा येणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली. हा फरक निरक्षर रुग्णांतही होता, म्हणून तो शिक्षणाच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी ही दवाखान्यात आलेल्यांची नोंद आहे, प्रयोग नाही. भाषांमुळेच लक्षणं लांबली, इतकं ठाम तिच्यावरून म्हणता येत नाही.

### मूल मराठी-इंग्रजीची खिचडी करतं. एक भाषा बंद करू का?

नको. दोन वर्षांची मुलंसुद्धा समोर कोण आहे त्याप्रमाणे भाषेचं प्रमाण बदलतात. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मिळूनही फार कमी भरत असतील तर भाषा बंद करण्याऐवजी आधी ऐकू नीट येतं का ते तपासा.

### बाबांना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून ते मधेच दुसऱ्या भाषेत बोलायला लागतात. हे काय आहे?

भाषा वेगळ्या ठेवण्याचं काम बऱ्याच अंशी डाव्या बाजूचा खोलातला कॉडेट नावाचा भाग, पुढचा सिंग्युलेट पट्टा आणि कपाळामागचा मेंदू मिळून करतात. यांपैकी कुठे इजा झाली तर दोन्ही भाषा शाबूत राहूनही त्यांच्यावरचा ताबा जाऊ शकतो.

२००० साली अशा दोन रुग्णांच्या नोंदी छापून आल्या. एकाला फ्रियुलियन आणि इटालियन येत होत्या. इजा डाव्या सिंग्युलेट आणि कपाळाच्या भागात. दोन्ही भाषांत बोलणं नीट, व्याकरण नीट, समजणंही नीट. पण ‘फक्त इटालियनमध्ये बोला’ असं सांगूनही वाक्य संपलं की पुढचं फ्रियुलियनमध्ये सुरू व्हायचं. आपलं चुकतंय हे त्याला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. दुसऱ्या रुग्णाला आर्मेनियन, इंग्रजी आणि इटालियन येत होत्या आणि इजा डाव्या कॉडेटजवळ होती. त्याच्याकडून शब्द नकळत भलत्याच भाषेत जायचे.

तुमच्या बाबांबाबत हेच झालंय का, हे मिसळण्यावरून कळत नाही. मुंबईतला कुठलाही माणूस मिसळतोच. त्यांना एखाद्या अशा माणसाशी बोलायला बसवा ज्याला त्यांची एकच भाषा येते, गावाकडचं कुणीतरी, फोनवरही चालेल. पूर्वी ते अशा माणसाशी त्याच भाषेत बोलत असत आणि आता समोरच्याला कळत नाही हे दिसूनही जमत नसेल, तर ताबा सुटल्याची शंका घ्यावी. उलट, एखादी वस्तू दाखवल्यावर मराठी नाव सापडलं नाही म्हणून ते इंग्रजी नाव सांगत असतील, तर अडचण शब्द सापडण्याची आहे, आणि तो त्यांचा उपयोगी मार्ग आहे. त्याला टोकू नका. या दोन्हींचे व्यायाम वेगळे असतात.

थेरपीला येताना एक कागद घेऊन या. झटक्याआधी ते कोणाशी कुठल्या भाषेत बोलत होते, शिक्षण कुठल्या भाषेत झालं, पेपर कुठला वाचायचे, शिव्या कुठल्या भाषेत द्यायचे, हिशेब कुठल्या भाषेत करायचे. तपासणी प्रत्येक भाषेत वेगळी, शक्यतो वेगळ्या दिवशी करून घ्या. एकाच बैठकीत मराठीनंतर लगेच इंग्रजी तपासली तर आधीच्या भाषेचा दाब दुसरीच्या गुणांत उतरतो, आणि आजारामुळे किती घटलं ते वेगळं काढता येत नाही.